नळी, नळ आणि मधला सांधा

बागेला पाणी घालण्याची नळी विकत घेताना ग्राहक तिचा रंग, जाडी आणि लांबी पाहतो, तर नळापाशी होणाऱ्या गळतीचा विचार नळी घरी आल्यानंतर, भिंत ओली झाल्यावर करतो. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. नळीचा पदार्थ कोणता आहे, तो दाबाखाली किती ताणला जातो, उन्हात किती मऊ पडतो आणि क्लिप आवळल्यावर किती दबून राहतो, यावर नळापाशी असलेला सांधा टिकेल की नाही हे ठरते. 'घरातले पाणी' या विषयसूत्राच्या निमित्ताने पुण्यातील बोहरी आळीतील हार्डवेअरची दुकाने, सोलापूर रस्त्यावरील सोरतापवाडी परिसरातील रोपवाटिका आणि शहरातील काही सोसायट्यांच्या बागा पाहिल्यावर हीच गोष्ट पुन्हा पुन्हा लक्षात येते: दिवसभर नळी हाताळणारा माळी तिची परीक्षा फवाऱ्याच्या टोकाकडून न करता नळाच्या टोकाकडून करतो.

नळापाशी दाब किती असतो

नळीची निवड ज्या एका मोजमापावर अवलंबून असते ते मोजमाप दुकानात क्वचितच विचारले जाते, आणि ते म्हणजे नळापाशी असलेला पाण्याचा दाब. गच्चीवरील टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब हा केवळ उंचीवर ठरतो. टाकीतील पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर वर असेल, तर नळ बंद असताना दर चौरस सेंटिमीटरला १ किलो इतका दाब असतो. एकमजली बंगल्याच्या अंगणातील नळावर त्यामुळे साधारण अर्धा ते पाऊण किलो दाब मिळतो, तर सात-आठ मजली इमारतीच्या तळमजल्यावरील बागेच्या नळावर तो अडीच किलोंच्या पुढे जातो. टाकीचा आकार मोठा असल्यास दाब जास्त मिळतो हा समज सर्वत्र आढळतो, परंतु टाकी हजार लिटरची असो की दहा हजार लिटरची, उंची तीच असेल तर दाबही तोच राहतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की नळीतील दाब पाणी वाहताना एक असतो आणि टोक बंद केल्यावर दुसरा. नळीचे टोक मोकळे असेल तर तेथे दाब जवळजवळ शून्य असतो आणि नळाकडे जाताना तो वाढत जातो, कारण नळीच्या आतील भिंतीशी होणाऱ्या घर्षणावर मात करण्यासाठीच तो खर्च होत असतो. नळी जितकी लांब आणि अरुंद, तितके घर्षण अधिक आणि तितका नळापाशी असलेल्या सांध्यावर दाब अधिक. पाच मीटरच्या नळीवर कोरडा राहणारा सांधा तिला आणखी पंचवीस मीटरची नळी जोडली की ठिबकू लागतो, आणि मालक सांध्याला दोष देतो; प्रत्यक्षात सांधा पूर्वीइतकाच चांगला किंवा वाईट असतो, त्याच्यावरचा भार मात्र वाढलेला असतो. पितळी किंवा प्लास्टिकची स्प्रे गन बसवून तिचा खटका सोडला, म्हणजे टोक पूर्ण बंद केले, की संपूर्ण नळीत टाकीच्या उंचीचा पुरा दाब एकसारखा येतो. नळी आणि सांधा या स्थितीसाठी निवडावयाचे असतात, वाहत्या पाण्यासाठी नव्हे.

व्यासाचाही येथेच विचार करावा लागतो. अर्धा इंची नळीचा आतील व्यास साडेबारा मिलिमीटर आणि पाऊण इंचीचा १९ मिलिमीटर असतो, आणि हा फरक डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे. टाकी नळापेक्षा ६ मीटर उंच असलेल्या बंगल्यात ३० मीटर लांबीची अर्धा इंची नळी मिनिटाला फार तर ९ लिटर पाणी देते, म्हणजे १५ लिटरची बादली भरण्यास दीड मिनिटाहून अधिक वेळ लागतो. त्याच दाबावर पाऊण इंची नळी एकटीचा विचार केल्यास जवळजवळ तिप्पट पाणी नेऊ शकते, मात्र घरातील पाइप आणि अर्धा इंची नळ तेवढे पाणी पुरवू शकत नसल्याने प्रत्यक्ष वाढ त्याहून कमी राहते. मोठ्या व्यासाची किंमत वजनात मोजावी लागते. पाण्याने भरलेली ३० मीटरची अर्धा इंची नळी सुमारे ७ किलोंची असते, तर जाड भिंतीची पाऊण इंची नळी १६ किलोंच्या घरात जाते, आणि हा सगळा भार ओढताना त्याचा झटका शेवटी नळापाशी असलेल्या सांध्यालाच बसतो.

साधा पीव्हीसी पाइप

बाजारात सर्वाधिक खपणारी नळी एकाच थराची, पारदर्शक, हिरवी किंवा निळसर असते आणि तिचा पदार्थ पीव्हीसी, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड हा असतो. हा पदार्थ मुळात कडक आहे. सांडपाण्याचे ताठ पाइपही त्याचेच बनतात. त्याला वाकण्याजोगे करण्यासाठी त्यात प्लास्टिसायझर नावाचे तेलकट द्रव्य मोठ्या प्रमाणात मिसळले जाते, आणि हे द्रव्य पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेले नसून त्याच्या रेणूंच्या मध्ये केवळ शिरून बसलेले असते. ऊन, उष्णता आणि काळ यांच्या प्रभावाने ते हळूहळू बाहेर पडते. जुनी नळी आधी चिकट लागते, मग ताठ होते आणि अखेरीस वाकवताच चिरते, या क्रमाचे मुख्य कारण हेच आहे. उन्हातील अतिनील किरण त्याच वेळी पीव्हीसीच्या साखळ्या तोडत असतात आणि नळी पिवळी पडते. पारदर्शक नळीत उजेड आत पोहोचत असल्याने साचलेल्या पाण्यात शेवाळही धरते, आणि कोकणातील ओल्या हवेत ते फवाऱ्याच्या जाळीपर्यंत येऊन ती तुंबवते.

स्वस्त नळीत आणखी एक घटक असतो आणि तो म्हणजे भर घालण्यासाठी मिसळलेली खडूची पूड. थोड्या प्रमाणात ती अपायकारक नसते, पण प्रमाण वाढले की नळी जड आणि ठिसूळ होते. काही दुकानांत साधी नळी किलोवर विकली जाते, आणि तेथे हा खडू ग्राहकाच्या पैशांत मोजला जातो, कारण तो पीव्हीसीपेक्षा बराच जड आणि स्वस्त असतो. अशी नळी ओळखण्यासाठी तिला हातात घेऊन घट्ट दुमडावे; घडीच्या जागी पांढरी रेघ उमटली आणि सोडल्यावरही ती राहिली, तर भर जास्त आहे असे समजावे. कापलेल्या टोकाकडे सरळ पाहिले असता भोक मध्यभागी आहे की एका बाजूला सरकलेले आहे हेही दिसते. ज्या बाजूला भिंत पातळ, त्या बाजूला नळी आधी फुगते, आणि क्लिप आवळतानाही तेथेच सैल जागा राहते.

साध्या नळीची खरी मर्यादा दाब आणि उष्णता एकत्र आल्यावर कळते. आतील दाब नळीला लांबीच्या दिशेने जितके ताणतो त्याच्या दुप्पट घेराच्या दिशेने ताणतो, म्हणून फुटणारी नळी आडवी न तुटता उभी चिरते. उन्हात तापलेली पीव्हीसी नळी मऊ पडते आणि तिची दाब सहन करण्याची क्षमता बरीच खाली येते. स्प्रे गन बंद करून, नळ मात्र चालू ठेवून, एप्रिल-मे महिन्यांत नागपूर किंवा चंद्रपूरच्या उन्हात सोडून दिलेल्या नळीवर दुपारी फुगा येतो तो याच कारणाने. एवढे असूनही ही नळी टाकाऊ नाही. बैठ्या घराच्या अंगणात, अर्धा किलो दाबावर, टोक मोकळे ठेवून वापरायची आणि काम झाल्यावर सावलीत गुंडाळून ठेवायची असेल, तर ती पुरेशी आहे आणि तिच्यावर अधिक पैसे घालण्याचे कारण नाही.

जाळी कशासाठी

पीव्हीसी, रबर आणि ब्रेडेड असे तीन प्रकार दुकानदार एका दमात सांगतो, तथापि त्यांपैकी पहिले दोन पदार्थ आहेत आणि तिसरी रचना आहे. ब्रेडेड नळीत आतला थर, त्यावर धाग्यांची जाळी आणि त्यावर बाहेरचा थर अशी तीन अंगे असतात. थर पीव्हीसीचे असू शकतात तसे रबराचेही. बाजारात तिला नायलॉन ब्रेडेड म्हणत असले तरी धागा बहुधा पॉलिस्टरचा असतो, आणि ते योग्यच आहे, कारण पॉलिस्टर पाण्याने फुगत नाही आणि भाराखाली नायलॉनपेक्षा कमी ताणला जातो.

या धाग्यांचे काम दाब पेलणे हे आहे. थरांचे काम पाणी धरून ठेवणे आणि धाग्यांना ऊन व घर्षण यांपासून वाचवणे एवढेच उरते. धागे नळीच्या अक्षाशी कोणत्या कोनात जातात यावर दाब आल्यानंतरचे नळीचे वागणे अवलंबून असते. कांद्याची जाळीदार पिशवी लांबीच्या दिशेने ओढली की ती अरुंद होते आणि रुंदीच्या दिशेने ताणली की आखूड होते. नळीतील तिरपे धागेही तसेच सरकण्याचा प्रयत्न करतात. सुमारे ५४.७ अंशांच्या कोनात हे दोन्ही ताण समतोल होतात, आणि त्या कोनात गुंफलेली नळी दाब आल्यावर लांबही होत नाही आणि आखूडही होत नाही. कोन याहून वेगळा असेल तर नळ सोडताच नळी लांबते किंवा आक्रसते, म्हणजे प्रत्येक वेळी नळापाशी असलेल्या सांध्याला एक ओढ किंवा ढकल बसते. दुकानात नळ सोडून पाहण्याची सोय नसते. परंतु धाग्यांचे चौकोन संपूर्ण लांबीभर एकसारखे आहेत की काही ठिकाणी दाट आणि काही ठिकाणी विरळ आहेत, हे पारदर्शक ब्रेडेड नळीत स्पष्ट दिसते, आणि विरळ जागा म्हणजे उद्याच्या फुग्याची जागा होय.

काही नळ्यांत धागे नुसते एकमेकांवरून गुंडाळलेले नसून स्वेटरसारख्या टाक्यांनी विणलेले असतात. अशी विणलेली जाळी दाबाखाली पीळ घेत नाही, म्हणून त्या नळीला घड्या कमी पडतात. उलट, एकाच दिशेने गुंडाळलेल्या धाग्यांची नळी दाब येताच स्वतःभोवती फिरू पाहते आणि ही पिळवट नळाकडील आट्यांना हळूहळू सैल करते. सोसायटीच्या बागेत दर आठवड्याला ढिला होणारा जोड बहुधा माळ्याच्या निष्काळजीपणामुळे ढिला होत नाही. नळीच त्याला फिरवत असते.

ब्रेडेड नळीचा दोष कापलेल्या टोकापाशी असतो. तेथे धाग्यांची टोके उघडी राहतात आणि सांधा नीट नसेल तर पाणी दोन थरांच्या मध्ये शिरते, धाग्यांच्या कडेने पुढे सरकते आणि नळापासून हातभर अंतरावर बाहेरच्या थराला फोड येतो. फोड दिसला म्हणजे नळी खराब निघाली असा निष्कर्ष काढला जातो. पण टोक काटकोनात स्वच्छ कापून, निपलवर पूर्ण खोल बसवून, त्यावर क्लिप आवळली तर हा दोष बहुतांशी टळतो.

रबराची गोष्ट

रबरी नळीचा मोठा गुण तिच्या मऊपणात नसून दबल्यानंतर परत फुलण्याच्या वृत्तीत आहे. झाडाचा चीक वाळवून मिळणारे कच्चे रबर उष्णतेने चिकट आणि थंडीने कडक होते; गंधकाबरोबर तापवून त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडण्याची व्हल्कनायझेशन ही क्रिया एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडमध्ये टॉमस हॅन्कॉक यांनी सिद्ध केली, आणि नळीसाठी वापरण्याजोगे रबर त्यानंतर उपलब्ध झाले. जोडलेल्या साखळ्या एकमेकींवरून कायमच्या घसरू शकत नाहीत, म्हणून क्लिपखाली दबलेले रबर वर्षानुवर्षे क्लिपला उलट दाब देत राहते. पीव्हीसीत हे होत नाही. सतत दाब असलेल्या जागेपासून तो हळूहळू सरकतो, म्हणून आज घट्ट आवळलेली क्लिप काही दिवसांनी विनाकारण सैल झालेली आढळते. नळापाशी असलेल्या गळतीचे एवढे साधे कारण क्वचितच ध्यानात घेतले जाते.

मात्र सर्व रबर सारखे नसते. नैसर्गिक रबराच्या नळीला हवेतील ओझोनमुळे वाकलेल्या जागी बारीक आडव्या चिरा पडतात. ईपीडीएम या नावाचे कृत्रिम रबर ओझोन, ऊन आणि गरम पाणी यांना चांगले तोंड देते, आणि उघड्यावर पडून राहणाऱ्या नळीसाठी तेच योग्य आहे. त्याचे वैर खनिज तेलाशी आहे, त्यामुळे गॅरेजमध्ये ऑइल सांडलेल्या फरशीवरून ती फरफटत नेऊ नये. किंमत आणि वजन या दोन बाबतींत रबर मागे पडते. शिवाय काळी नळी उन्हात तापते आणि तिच्यातील पहिले काही लिटर पाणी रोपांना पोळवण्याइतके गरम असू शकते, म्हणून रोपवाटिकेत आधीचे पाणी वाटेवर सोडून देतात आणि हाताला गार लागल्यावरच धार वाफ्याकडे वळवतात.

काळी दिसणारी प्रत्येक नळी रबराची नसते. नखाने जोरात दाबल्यावर रबरावरील खूण तत्काळ नाहीशी होते, तर पीव्हीसीवरील खूण क्षणभर रेंगाळते. दुकानात एवढी परीक्षा पुरते.

आटे, वॉशर आणि एक रुजलेला गैरसमज

बोहरी आळीतील हार्डवेअरच्या दुकानांत नळ आणि नळी यांना जोडणाऱ्या वस्तूंची पेटी उघडली की पितळी निपल, प्लास्टिकचे कनेक्टर, रबरी वॉशर, लोखंडी व स्टीलच्या क्लिपा आणि टेफ्लॉनची पांढरी टेप असा पसारा समोर येतो, आणि बहुतेक ग्राहक त्यातून फक्त टेप उचलतात. ‘काका, गळतंय, टेप द्या,’ हे वाक्य दुकानदाराला इतके सवयीचे आहे की नळ कोणता आहे हे तो आपणहून विचारेलच असे नाही. टेपचे काम मात्र फार मर्यादित आहे. भिंतीतील एल्बोमध्ये नळ ज्या आट्यांनी बसतो तेथे पाणी अडते ते आट्यांतच. आट्यांच्या कडांमध्ये उरलेली नागमोडी फट टेपने, किंवा जुन्या प्लंबरांच्या पद्धतीप्रमाणे सूत आणि सफेद्याने, भरून निघते. नळीचा कनेक्टर नळाच्या तोंडावर ज्या आट्यांनी चढतो ते आटे सरळ आणि थोडे सैल असतात. त्यांचे काम केवळ ओढून धरण्याचे असते आणि पाणी अडवतो तो आत बसलेला चपटा रबरी वॉशर. तेथे टेप गुंडाळल्याने वॉशर आपल्या बैठकीपर्यंत पोहोचतच नाही आणि गळती वाढते.

भारतातील नळांचे आटे ब्रिटिश पद्धतीचे आहेत. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांच्या एकसारखेपणाची जी योजना मांडली, तिच्या ५५ अंशांच्या कोनाची ही परंपरा आहे. अर्धा इंची आट्यांचा बाहेरील व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर आणि पाऊण इंचीचा जवळजवळ साडेसव्वीस मिलिमीटर असतो, आणि दोहोंत एका इंचात १४ आटे असतात. अर्धा इंची म्हणवणारे आटे मोजपट्टीवर २१ मिलिमीटर भरतात, हे माहीत नसल्याने अनेकजण पाऊण इंची कनेक्टर घरी नेतात. अमेरिकेतील बागेच्या नळीचे आटे वेगळेच आहेत. त्यांचा व्यास २७ मिलिमीटर आणि इंचात साडेअकरा आटे. त्या देशातून भेट म्हणून आलेली देखणी स्प्रे गन किंवा कनेक्टर आपल्याकडील पाऊण इंची आट्यांवर चढल्यासारखा वाटतो, पण दीड-दोन फेऱ्यांनंतर अडतो किंवा डुलतो, आणि जोर केल्यास प्लास्टिकचे आटे सोलून निघतात. त्यावर टेप हा उपाय नाही. दोन्ही बाजूंना वेगळे आटे असलेला पितळी जोडच लागतो.

महाराष्ट्रातील घरांतला सर्वांत अडचणीचा नळ तो, ज्याच्या तोंडाला आटेच नसतात. गुळगुळीत तोटीवर नळी दाबून बसवायची आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची, ही जुनी युक्ती कमी दाबावर खरोखर काम करते, कारण ताणलेले रबर सर्व बाजूंनी सारखे आवळते. तार गुंडाळल्याने मात्र नळी दोन-तीन रेषांवर दबते आणि त्यांच्या मधून पाणी वाट काढते. अशा नळासाठी आत रबरी बाही आणि बाहेर आवळपट्टा असलेला कनेक्टर मिळतो. तो अर्धा-पाऊण किलो दाबावर टिकतो, त्यापुढे सटकतो. फेसाळ धार देणाऱ्या नळाच्या तोंडातील जाळी मात्र आट्यांनी बसवलेली असते, आणि ती काढून त्या जागी नळीचा जोड बसवता येतो. जेथे दाब जास्त आहे तेथे नळच बदलून, ज्याच्या तोंडाला नळीसाठी खाचांचे निपल आहे असा नोझल बिब कॉक बसवणे हे शेवटी स्वस्त पडते.

आठ मजली इमारतीच्या बागेतील एक सांधा

एक प्रातिनिधिक उदाहरण तपशिलाने पाहता येईल. इमारत आठ मजली आहे, टाकी बागेच्या नळापेक्षा २७ मीटर उंच आहे, बागेची लांबी २५ मीटर आहे आणि माळ्याला स्प्रे गन वापरावी लागते, कारण कुंड्या दूरदूर आहेत आणि प्रत्येक वेळी नळापर्यंत येणे शक्य नाही. नळाला साध्या हिरव्या पाऊण इंची पीव्हीसी नळीचे टोक तारेने बांधलेले आहे. गन बंद होताच नळीत दर चौरस सेंटिमीटरला २.७ किलो दाब येतो आणि १९ मिलिमीटर व्यासाच्या तोंडावर तो सुमारे साडेसात किलोंच्या जोराने नळीला नळावरून ढकलतो. तार हा जोर दिवसातून शंभर वेळा सहन करू शकत नाही. नळी निसटते, माळी ती पुन्हा चढवतो आणि ताणलेले टोक दर वेळी थोडे अधिक रुंद होते.

येथे पहिला निर्णय व्यासाचा आहे. दाब भरपूर असल्याने ३० मीटरची अर्धा इंची नळीही कुंड्यांना पुरेसे पाणी देते, आणि नळी अर्ध्या इंचावर आणताच ढकलण्याचा जोर सव्वातीन किलोंपर्यंत उतरतो. ओढायचे वजनही निम्म्याहून कमी होते. दुसरा निर्णय रचनेचा: गन बंद असताना पुरा दाब येणार असल्याने जाळी असलेलीच नळी घ्यावी लागते, आणि बाग दिवसभर उन्हात असेल तर बाहेरचा थर पारदर्शक नसून गडद, शक्यतो काळा असावा, कारण त्यातील काजळी अतिनील किरण अडवते. नळी कायम बाहेरच पडून राहणार असेल तर रबराचा जादा खर्च वसूल होतो. रोज गुंडाळून खोलीत ठेवली जाणार असेल तर पीव्हीसी ब्रेडेड पुरते.

त्यानंतर सांधा. गुळगुळीत तोटीचा नळ काढून नोझल बिब कॉक बसवताना भिंतीकडील आट्यांवर टेफ्लॉनची टेप आटे आवळण्याच्या दिशेने, म्हणजे टोकाकडून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळली जाते. उलट गुंडाळलेली टेप नळ फिरवताना गोळा होऊन बाहेर येते. नळीचे टोक धारदार सुरीने काटकोनात कापून अर्धा मिनिट गरम पाण्यात धरले की पीव्हीसी मऊ होतो आणि निपलच्या सर्व खाचांवरून शेवटपर्यंत सरकतो. वंगण म्हणून तेल किंवा ग्रीस लावू नये. ते नळी पुढेही निसटती ठेवते आणि काही रबरांना फुगवते. साबणाचे पाणी पुरते, कारण ते वाळून जाते. क्लिप नळीच्या टोकापासून चार-पाच मिलिमीटर आत, खाचांच्या वर येईल अशी बसवावी आणि ती स्टीलची, स्क्रूने आवळणारी असावी. ही क्लिप ब्रिटिश नौदलातील अधिकारी लम्ली रॉबिन्सन यांनी १९२१ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेची आहे आणि तिच्या मूळ नावावरून आजही प्लंबर तिला जुबली क्लिप म्हणतात. आवळताना थांबण्याची खूण अशी की नळीचा पृष्ठभाग पट्ट्याच्या दोन्ही कडांना किंचित वर उचलला जावा, परंतु पट्ट्याच्या खाचांतून बाहेर येऊ लागू नये. त्यापुढे आवळल्यास पट्टा नळी कापतो. पीव्हीसी सरकत असल्याने दुसऱ्या दिवशी, नळीत दाब नसताना, स्क्रू पुन्हा अर्धा फेरा फिरवावा लागतो, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणखी एकदा.

खटक्याने जोडला जाणारा प्लास्टिकचा कनेक्टर या ठिकाणी मोहात पाडतो, कारण नळी क्षणात काढता-घालता येते. त्यातील पाणी एका गोल रबरी कडीने अडवलेले असते. तिच्यात वाळूचा एक कण अडकला तरी धार सुटते आणि अडीच-तीन किलो दाबावर स्वस्त कनेक्टरचे खटके झिजल्यावर तो उडतो. नळ आणि नळी एकमेकांपासून रोज वेगळे करायचे नसतील तर पितळी निपल आणि क्लिप यांना पर्याय शोधण्याची गरज नाही.

पाणी नेमके कोठून येते

गळती दिसते तेथे ती बहुधा नसते, कारण पाणी धातूवरून खाली ओघळून सर्वांत खालच्या कडेवरून ठिबकते. सांधा फडक्याने पूर्ण कोरडा करून, वर्तमानपत्राच्या कागदाच्या पट्ट्या एकेका जागी टेकवून, नळ सोडल्यावर कोणती पट्टी आधी ओली होते हे पाहिले तर उत्तर मिनिटभरात मिळते. मराठवाड्यात आणि जेथे जेथे बोअरचे जड पाणी वापरले जाते तेथे एवढेही करावे लागत नाही. क्षारांचा पांढरा ओघळ ज्या बिंदूपासून सुरू होतो तोच गळतीचा बिंदू असतो. कनेक्टर आणि नळाचे तोंड यांच्या मधून पाणी येत असेल तर वॉशर बदलावा आणि तो बसण्याची कड घासून गुळगुळीत आहे का ते पाहावे. नळीच्या टोकाखालून येत असेल तर क्लिप किंवा कापलेले टोक तपासावे. भिंतीपाशी येत असेल तर टेपचे काम आहे.

उरते ती एक गळती, जी नळीच्या माथी मारली जाते आणि नळीची नसते. जुन्या फिरकीच्या नळात मुठीखाली, दांडीभोवती, ग्लँड नावाचा भाग असतो. त्यात दोरा किंवा रबर दाबून बसवलेले असते आणि वरच्या नटाने ते आवळलेले असते. नळ बंद असताना पाणी तेथपर्यंत पोहोचत नाही, आणि नळ मोकळा वाहत असताना तेथे दाब फारसा नसतो. नळाला नळी लावून तिचे टोक बंद केले की नळ उघडा असूनही पाणी वाहत नाही, आणि तेव्हा मात्र पुरा दाब ग्लँडवर येतो. बादली भरताना कधीही न गळलेला नळ स्प्रे गन लावताच मुठीपाशी पाझरू लागतो तो यामुळे. अशा वेळी ग्लँडचा नट पान्याने पाव फेरा आवळून पाहावा. त्याने पाझर थांबला नाही, किंवा मूठ फिरवणेच जड झाले, तर टाकीकडील व्हॉल्व्ह बंद करून, नट काढून, आतील जुना दोरा उकरून नवीन भरावा लागतो. आणि दोरा भरूनही दांडीवरील झिजेच्या खोल रेषांतून पाणी येतच राहिले, तर नळाचा तो आतील भाग बदलावा लागतो.